यादीत 27 नावं, हातात एक मिनिट

पत्र:

ताई नमस्कार. आमच्या गावचं मुंबईत ग्रामस्थ मंडळ आहे, पुढच्या महिन्यात स्नेहसंमेलन आणि विद्यार्थी गुणगौरव आहे आणि यंदा आभार माझ्या गळ्यात पडलेत. गेल्या वर्षी आभार चालू असतानाच अर्धा हॉल जेवायच्या लायनीत उभा होता, म्हणून मंडळाचे अध्यक्ष म्हणालेत, एक मिनिट, एक सेकंद जास्त नाही. आणि चिटणीस काकांनी 27 नावांची यादी दिलीय, एकही सुटता कामा नये म्हणे. कार्यक्रमाचे अध्यक्ष, प्रमुख पाहुण्या, सरपंच, गावकर, चार मानकरी, नगरसेवक, दोन माजी अध्यक्ष, गावच्या शाळेचे मुख्याध्यापक, सात देणगीदार, स्मृतिचिन्हं देणारे, जेवणवाले, हॉलवाले, साऊंडवाले, फोटोवाले, सूत्रसंचालक, महिला मंडळाच्या अध्यक्षा आणि सचिव. मी 26 वर्षांची आहे, गावात मला कोणी फारसं ओळखत नाही, एखादं नाव राहिलं तर आईबाबांना ऐकून घ्यावं लागेल. कसं बसवू?
— आभारवाली, डोंबिवली

उत्तर:

अगं आभारवाली, आधी घड्याळ लावून बघूया, म्हणजे भांडण नक्की कशाशी आहे ते कळेल. आपल्याकडे आभाराचं ठरलेलं वाक्य असतं बघ, "आपल्या मंडळाचे माजी अध्यक्ष माननीय श्री. अमुक अमुक यांनी आपल्या व्यस्त कार्यक्रमातून वेळात वेळ काढून आजच्या कार्यक्रमाला उपस्थिती दर्शवली त्याबद्दल मी मंडळाच्या वतीने त्यांचे मनःपूर्वक आभार मानते". हे एकदा मोबाईलचं स्टॉपवॉच लावून मोठ्याने म्हण. घाई केलीस तरी 12 सेकंद जातात आणि माइकवर जरा सावकाश बोललीस तर 15. बाराच धर, 27 माणसं म्हणजे 324 सेकंद, म्हणजे साडेपाच मिनिटांना थोडं कमी, आणि यात टाळ्या नाहीत, "माफ करा, नाव नीट वाचता येत नाहीये" नाही, काही नाही. बरं, वाक्यच काढून टाकलं आणि नुसतं पद आणि नाव घेतलं, "माजी अध्यक्ष माननीय श्री. अमुक अमुक", तरी एकेकाला तीन सेकंद लागतात. 27 गुणिले 3, 81 सेकंद. म्हणजे तू नमस्कार न करता, आभार हा शब्दही न उच्चारता नुसती हजेरी घेतलीस तरी मिनिट उलटतं.

म्हणून वाक्यं छोटी करून हे बसणार नाही, हे काकांना आकड्यातच दाखव. 27 नावं तुझ्या तोंडून एका मिनिटात येऊच शकत नाहीत, त्यातल्या दोन नावांना तू नावानिशी घेशील आणि बाकी सगळ्यांना गटाने. आणि उरलेली 25 नावं कापायची नाहीयेत, ती कार्यक्रमात दुसऱ्या जागी हलवायची आहेत. हा शब्द नीट लक्षात ठेव, कारण काकांशी बोलताना "नावं कमी करूया" म्हणालीस की संपलं, "नावं दुसरीकडे घेऊया" म्हणालीस तर ते ऐकतील.

कुठे हलवायची ते सांगते. तुमच्या कार्यक्रमात पाहुण्यांचा सत्कार असणारच, शाल, श्रीफळ, गुलाबाचं फूल जे काही असेल ते. त्या वेळी सूत्रसंचालक प्रत्येकाचं पूर्ण नाव, पद, गाव सगळं घेतात, माणूस उठतो, स्टेजवर येतो, फोटो निघतो. ज्याचा सत्कार झाला त्याचं नाव त्या संध्याकाळी व्यवस्थित घेऊन झालेलं आहे, शेवटी पुन्हा घेतलं नाही म्हणून कोणी रुसत नाही, रुसतो तो ज्याचं नाव दोन्हीकडे आलं नाही तो. तर काकांच्या यादीसमोर एक रकाना आखायचा, "नाव आधी कुठे येणार", आणि प्रत्येकासमोर लिहायचं: सत्कार, अहवाल, बक्षीस वाटप, बॅनर. मानकरी आणि माजी अध्यक्ष सत्कारात येतील. सात देणगीदारांची नावं खजिनदार अहवालात वाचतातच, आणि नसतील वाचत तर यंदापासून वाचायला सांग, रकमेसकट वाचायची की नुसती नावं ते ते ठरवतील, आपण त्यात पडायचं नाही. स्मृतिचिन्हं ज्यांनी दिली त्यांचं नाव बक्षीस वाटप सुरू होताना सूत्रसंचालकांनी घ्यायचं, "आजची स्मृतिचिन्हं यांच्याकडून आहेत", म्हणजे मुलं ती हातात घेत असतानाच नाव कानावर पडतं, शेवटच्या आभारापेक्षा हे त्या माणसालाही जास्त आवडेल. ज्याच्यासमोर रकाना रिकामा राहिला तो तुझा धोक्याचा माणूस. त्याच्यासाठी काकांना सांगून जागा काढायची, आभारात नाही, आधी.

तुमच्या मंडळात ही यादी एवढी फुगते त्याला कारणही आहे. कोकणातली माणसं गिरण्यांत कामाला आली, लालबाग-परळकडे गावाच्या नावाने खोल्या घेऊन राहिली, तिथून ही ग्रामस्थ मंडळं उभी राहिली, त्यामुळे बहुतेक ठिकाणी एक मुंबईची कमिटी आणि एक गावची, असे दोन कारभार असतात आणि आभार ऐकताना दोन्हीकडचे कान टवकारलेले असतात, मुंबईवाल्यांनी गावाला किती विचारलं आणि गाववाल्यांनी मुंबईला किती. तुझे आभार या दोघांमधल्या जागेत उभे आहेत, म्हणून गट पाडताना हे डोक्यात ठेवायला लागेल.

आता गट. स्टेजवरचे दोघं, अध्यक्ष आणि प्रमुख पाहुण्या, हे नावाने. यात चर्चा नको, त्या दोघांसाठी लोक आलेत आणि ते तुझ्यापासून चार हातांवर बसलेले असतील.

मग गावची मंडळी: सरपंच, गावकर, मानकरी, मुख्याध्यापक. इथे तुला गटाचा दुहेरी फायदा आहे बघ. चार मानकऱ्यांची नावं घ्यायची म्हटली तर आधी कोणाचं? तुला वाटेल काय फरक पडतो, पण गावात पालखीपासून होळीपर्यंत पहिला मान कोणाचा यावरून पिढ्यान्‌पिढ्या अबोले आहेत, आणि तू, जिला गावात कोणी फारसं ओळखत नाही, ती डोंबिवलीहून येऊन माइकवरून तो क्रम लावणार? नको गं बाई. "आपले गावकर आणि मानकरी" एवढं म्हटलं की चौघंही त्यात बसले आणि क्रम लागलाच नाही. फक्त गावकर हा मान वेगळा धरतात, त्याला मानकऱ्यांत ढकलू नकोस, आधी गावकर, मग मानकरी. तुमच्या गावात याहून वेगळी पद्धत असेल तर काकांना एक फोन कर, दोन मिनिटांचं काम आहे.

नगरसेवकांसाठी शब्द "लोकप्रतिनिधी". हा शब्द तुला वाचवेल, कारण त्या दिवशी ऐनवेळी दुसऱ्या पक्षाचे कोणी माजी आमदार, कोणी विभागप्रमुख येऊन पहिल्या रांगेत बसतील आणि तुझ्या कागदावर नसतील. लोकप्रतिनिधी म्हटलं की आजी-माजी सगळे त्यात आले, पक्षाचं पद असलेले मात्र तांत्रिकदृष्ट्या येत नाहीत, त्यांच्यासाठी "आणि मान्यवर" हे दोन शब्द जोडायचे. आता कोणी म्हणेल, सरपंचही लोकप्रतिनिधीच की, मग वेगळे कशाला. वेगळे घ्यायचे कारण ते गावाहून आलेत, त्यांचा गट प्रवासाचा आहे, पदाचा नाही. गट पाडायचा निकष हाच ठेव, माणूस कोण आहे यापेक्षा आज त्याने काय केलं: लांबून आला, पैसे दिले, राबला, की समोर बसून ऐकलं. या चार क्रियांत तुझी सगळी यादी बसते.

पैसे दिले त्यात देणगीदार आणि स्मृतिचिन्हवाले. राबले त्यात महिला मंडळ. इथे अध्यक्षा आणि सचिव अशी दोन नावं काकांनी लिहिलीत, पण सकाळपासून हॉलवर रांगोळी, ओवाळणीची ताटं, पाहुण्यांचा चहा हे सगळं बघणाऱ्या पंधरा बायका असतील तर दोघींचं नाव घेतल्यावर बाकी तेरा जणींनी काय समजायचं? "महिला मंडळ" म्हण, पंधराही आल्या. हे मी मुद्दाम सांगतेय, गटाने आभार मानले की माणसं कमी होतात असं काकांना वाटतंय, पण बऱ्याच ठिकाणी ती वाढतात.

जेवणवाले, हॉलवाले, साऊंडवाले, फोटोवाले हे चौघं एका दमात: "सभागृह, ध्वनी, भोजन आणि छायाचित्रण सांभाळणारी मंडळी". यांना आपण पैसे देतो, आभार मानायचे ते चांगुलपणाचे, तेवढ्यात भागतं. पण एक विचारून घे, यातल्या कोणी फुकट केलंय का? बहुतेक वेळा साऊंडवाला गावचाच पोरगा असतो आणि पैसे घेत नाही. तसं असेल तर तो साऊंडवाला नाही, तो देणगीदार आहे, त्याचं नाव खजिनदारांच्या यादीत गेलं पाहिजे.

आणि आता काकांच्या यादीत काय नाहीये ते बघ. 27 नावांत विद्यार्थी नाहीत! गुणगौरव ज्यांचा आहे ती मुलं नाहीत, त्यांना विरार-पनवेलवरून घेऊन आलेले आईवडील नाहीत, खुर्च्या लावणारी पोरं नाहीत आणि समोर बसलेला गाव नाही. हॉलमधली सगळ्यात जास्त माणसं या चार गटांत आहेत. आभार सुरू झाले की लोक का उठतात याचं अर्धं उत्तर इथेच आहे, त्यांना माहीत असतं की या यादीत आपण नाही. तेव्हा हे गट घालायचे आणि शेवटी घालायचे, म्हणजे आपला नंबर येईपर्यंत माणूस बसतो.

वगळायचं कोणाला? मंडळाची कार्यकारिणी. तू मंडळाच्या वतीने बोलतेयस, यजमानांनी स्वतःचेच आभार मानायचे नसतात. "मला ही संधी दिल्याबद्दल मी अध्यक्षांची आणि कार्यकारिणीची ऋणी आहे" हे सुरुवातीचं वाक्य त्यामुळे बाद. तसंच "आभार मानणं ही औपचारिकता आहे पण", "आपल्या माणसांचे आभार मानून त्यांना परकं करायचं नाही", चारोळी, पाहुण्या काय बोलल्या त्याचा सारांश, हे सगळं बाद. आणि "अनवधानाने कोणाचं नाव राहिलं असेल तर क्षमस्व" हेही, कारण तू नावं घेतच नाहीयेस तर राहणार कुठून, उलट हे वाक्य ऐकलं की लोक आपलं नाव राहिलं का ते मोजायला लागतात.

आता वाक्याची एक गोष्ट. पहिला विचार असा येतो की सगळे गट सलग म्हणायचे आणि शेवटी एकदाच "या सर्वांचे मी आभार मानते". कागदावर हे सगळ्यात आखूड दिसतं. पण आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं ना, ऐकणारा त्याची वाट बघत बसतो, आणि पाच-सहा गटांनंतर पहिला कोण होता ते तो विसरलेला असतो, ज्याचं नाव घेतलं त्यालाही आपले आभार मानले गेले असं वाटत नाही, नुसती यादी वाचली असं वाटतं. उलट प्रत्येक गटामागे "आभार मानते" लावलं तर बराचसा वेळ त्या शब्दांतच जातो. म्हणून मधला मार्ग, चार वाक्यं, प्रत्येकात फार तर सहा-सात गट, आणि प्रत्येक वाक्याला आपलं स्वतःचं एक कारण आणि एक आभार. शिवाय त्यांच्याबद्दल बोलायचं नाही, त्यांच्याशी बोलायचं. "यांनी उपस्थिती दर्शवली त्याबद्दल त्यांचे" पेक्षा "तुम्ही आलात" निम्म्याहून कमी वेळ घेतं आणि तू त्या रांगेकडे बघून बोलू शकतेस.

हे सगळं धरून तुझा मजकूर साधारण असा होईल. रेघ आहे तिथे नाव घाल:

"नमस्कार. मंडळाच्या वतीने आभार मानायला मी उभी आहे.

आजचे अध्यक्ष श्री. ——— आणि प्रमुख पाहुण्या डॉ. ———, तुम्ही दोघं पूर्ण वेळ आमच्यासोबत बसलात, मुलांशी बोललात, मनापासून आभार.

गावाहून रातोरात प्रवास करून आलेले आपले सरपंच, गावकर, मानकरी आणि शाळेचे मुख्याध्यापक, तसेच इथले लोकप्रतिनिधी, मान्यवर आणि मंडळाचे माजी अध्यक्ष, तुमच्यामुळे आज मुंबईत गाव भरला, तुम्हा सर्वांचे आभार.

ज्यांच्या मदतीवर हा कार्यक्रम उभा राहिला ते देणगीदार आणि स्मृतिचिन्हांचे दाते, सकाळपासून राबणारं महिला मंडळ आणि युवक कार्यकर्ते, आपले सूत्रसंचालक, आणि सभागृह, ध्वनी, भोजन, छायाचित्रण सांभाळणारी मंडळी, तुमचे आभार.

आणि आपले गुणवंत विद्यार्थी, त्यांचे पालक आणि समोर बसलेले सगळे ग्रामस्थ, आजचा दिवस तुमचा होता. धन्यवाद. राष्ट्रगीतासाठी उभं राहूया."

नावं धरून हे शंभराच्या जरासं वर जातं. माइकवर शांतपणे बोलणारा माणूस मिनिटाला शंभर ते सव्वाशे शब्द बोलतो, म्हणजे तू बरोबर काठावर आहेस. घरी उभं राहून, मोठ्याने, घड्याळ लावून म्हण आणि 50 सेकंदांत बसव, 60 मध्ये नाही. वरचे 10 सेकंद हॉल खातो: आवाज घुमतो म्हणून आपोआप सावकाश बोलावं लागतं, पहिल्या वाक्यानंतर टाळ्या पडतात, माइकची उंची कमीजास्त करावी लागते. 50 मध्ये बसत नसेल तर भरभर बोलायला जाऊ नकोस, भरभर बोललं की गट गिळले जातात, "सरपंचगावकरमानकरी" असा एकच शब्द ऐकू येतो आणि मग तिघांनाही वाटतं आपलं नाव घेतलंच नाही. त्यापेक्षा कारणं कमी कर. "मुलांशी बोललात" काढ, "सकाळपासून" काढ. गट काढायचा नाही, विशेषण काढायचं.

बसलं की काकांना समोर बसव, त्यांच्याच यादीचा कागद आणि पेन त्यांच्या हातात दे, आणि मजकूर न दाखवता नुसतं म्हणून दाखव. जो माणूस गटात आला असं त्यांना ऐकू आलं त्याच्यासमोर त्यांनी बरोबरची खूण करायची. 27 खुणा झाल्या पाहिजेत. एखादी राहिली तर दोनच शक्यता, तू ते गिळलंस किंवा त्या शब्दात तो माणूस बसतो असं त्यांना वाटत नाही, आणि दोन्ही गोष्टी त्या दिवशी हॉलमध्ये कळण्यापेक्षा आधी कळलेल्या बऱ्या. याचा आणखी एक फायदा सांगू का, खुणा काकांनी स्वतःच्या हाताने केल्यात, त्यामुळे नंतर कोणी तक्रार केली तर उत्तर द्यायला ते उभे राहतील, तुझ्या आईबाबांपर्यंत येणार नाही.

काका तरीही एखाद्या नावावर अडून बसतील, म्हणतील अमक्यांचं नाव आलंच पाहिजे, पन्नास हजार दिलेत. एक नाव म्हणजे तीन सेकंद, हॉलसाठी राखलेल्या दहांतले तीन दिलेस तर गणिताने एखादं नाव बसेल. पण सात देणगीदारांतलं एक घेतलंस की उरलेले सहा नाराज, मानकऱ्यांचंही तसंच. म्हणून नियम असा सांग की एका गटातलं नाव घ्यायचं तर सगळे घ्यायचे, नाहीतर कोणीच नाही. फक्त जो गटात एकटाच आहे, मुख्याध्यापक किंवा सूत्रसंचालक, त्याचं नाव घेतलं तर कोणाला लागत नाही. काकांना तीन सेकंद द्यायचेच असतील तर तिथे दे.

त्या दिवशीचं थोडं सांगते. मजकूर मोबाईलवर ठेवू नकोस, स्क्रीन लॉक होते, वर मेसेज येतात, आणि मोबाईलकडे बघून बोलणारी मुलगी आभार मानतेय असं वाटतच नाही. पोस्टकार्डाएवढा जाड कागद घे, एका ओळीत एकच गट, मोठ्या अक्षरात, म्हणजे मान वर करून परत खाली बघितलंस तरी ओळ सापडते. अध्यक्षांचं भाषण चालू असताना पहिल्या दोन रांगांवर नजर फिरव आणि कोण आलंय, कोण नाही ते पेन्सिलने खूण कर. नगरसेवक आलेच नसतील तर "लोकप्रतिनिधी" खोडायचं, न आलेल्याचे आभार मानले की मागच्या रांगेत हशा पिकतो. प्रमुख पाहुण्या मधेच निघून गेल्या तर त्यांचे आभार त्या निघतानाच सूत्रसंचालकांनी मानायला हवेत, तसं त्यांना आधीच सांगून ठेव, आणि मग तुझ्या वाक्यातलं "तुम्ही दोघं पूर्ण वेळ बसलात" बदलून फक्त अध्यक्षांपुरतं कर.

सूत्रसंचालकांशी अजून दोन गोष्टी बोलायच्या. एक, "आता आभारप्रदर्शन आणि त्यानंतर भोजनाची व्यवस्था तळमजल्यावर" ही घोषणा करायची नाही. गेल्या वर्षीची जेवणाची लाइन बहुधा याच वाक्याने लागली असेल. त्याऐवजी "आभार आणि लगेच राष्ट्रगीत, कृपया जागेवरच थांबावं", जेवणाचं राष्ट्रगीतानंतर सांगायचं. राष्ट्रगीत पूर्ण म्हटलं की 52 सेकंदांचं आहे, तुझे आभार साधारण तेवढेच, म्हणजे लोकांना एकूण दोनच मिनिटं थांबायचंय आणि राष्ट्रगीत आहे म्हटल्यावर दाराकडे कोणी चालू लागत नाही. तुमच्याकडे शेवटी पसायदान म्हणत असतील तर ते धरून हिशोब कर, ते जास्त वेळ चालतं. दुसरी गोष्ट, तुला बोलावताना त्यांनी तुझी ओळख करून देत बसायचं नाही, तू पायरीवरच उभी राहायचं आणि नाव पुकारलं की माइक हातात, कारण खालून स्टेजवर चालत येईपर्यंत तुझं अर्धं मिनिट गेलेलं असतं आणि घड्याळ बघणारे अध्यक्ष ते तुझ्याच खात्यावर मांडतात.

आणि चिठ्ठ्या. तू बोलायला लागलीस की खालून कोणीतरी घडी केलेला कागद पुढे सरकवणार, "यांचं पण नाव घे". हे होणारच, प्रत्येक मंडळात होतं. चिठ्ठी घ्यायची, हसून मान हलवायची, न उघडता कार्डाखाली ठेवायची आणि बोलत राहायचं. उघडलीस तर संपलं, एक वाचली की दुसरी येते. ज्याचं नाव त्यात असेल तो कुठल्यातरी गटात बसतच असेल, आणि नसेलच बसत तर राष्ट्रगीत झाल्यावर चिठ्ठी काकांच्या हातात दे, ते जेवणाच्या पंगतीत त्या माणसाला स्वतः जाऊन भेटतील, हेही त्यांच्याशी आधीच ठरवून ठेव.